गणपतीची तिकिटे आणि एक न आलेले उत्तर: आरक्षणाच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी. आमचे घर कणकवलीजवळ. मुंबईहून जाणारी माणसे अकरा: डोंबिवलीचे आम्ही चौघे, परळचे काका, काकू आणि त्यांची मुलगी, आणि नालासोपाऱ्याचा चुलत दादा, वहिनी व त्यांची दोन मुले. तिकिटे काढायचे काम माझ्याकडे आहे. ज्यांच्याकडे असेच काम असते त्यांना उपयोग व्हावा म्हणून या वेळी रोजच्या रोज लिहून ठेवतो आहे.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, प्रवासाचा दिवस धरायचा नाही. सकाळी आठला खिडकी उघडली की गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत प्रतीक्षा यादीवर जातात. म्हणून कोण येणार हे आदल्या रात्रीपर्यंत पक्के हवे. आठ वाजता कोणाला फोन करून विचारायला वेळ नसतो.

आमची गाडी तुतारी. ती दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते आणि नेमका इथेच दर वर्षी कोणाच्या तरी घरी घोळ होतो. आपण म्हणतो "रविवारी रात्री निघू", पण १२ वाजून गेल्यावर तारीख सोमवारची लागते. आम्हाला रविवार, २४ ऑगस्टला रात्री जेवून निघायचे आहे, म्हणजे तिकिटावर तारीख २५ ऑगस्ट हवी आणि तिचे आरक्षण २६ जूनला उघडणार. २४ ची तिकिटे काढली असती तर गाडी शनिवारी रात्रीच निघून गेली असती.

आज घरच्या ग्रुपवर टाकले: "२४ ला रात्री तुतारीने निघायचे आहे (तिकिटावर २५ तारीख). २६ जूनला सकाळी ८ ला तिकिटे काढणार. कोण कोण येणार ते कळवा." संध्याकाळपर्यंत परळचे हो आले. दादाकडून काही नाही.

१८ जून, बुधवार

ग्रुपवर आणखी एक संदेश टाकला. प्रत्येकाचे ओळखपत्रावर आहे तसे नाव, वय, कुठल्या स्टेशनवर चढणार आणि खालचा बर्थ कोणाला लागेल, एवढे विचारले. काकांनी लगेच पाठवले. वहिनीने अंगठा दाखवला.

त्या अंगठ्याचा अर्थ लावत मी बराच वेळ घालवला. अंगठा म्हणजे चौघे येणार? की फक्त संदेश वाचला? ग्रुपवरचा अंगठा "हो" म्हणून धरायचा नाही, असे मी आता ठरवले आहे. तिकिटाला नाव आणि वय लागते. ते आले तर होकार, नाही आले तर उत्तर यायचे आहे असेच समजायचे.

ग्रुपवर विचारण्यात दुसरीही अडचण आहे. ज्याचे नक्की नाही त्याला सगळ्यांसमोर "माझे नक्की नाही" असे लिहावे लागते. गणपतीला घरी येणार नाही किंवा येऊ शकेन की नाही माहीत नाही, हे बारा-पंधरा नातेवाइकांपुढे लिहिणे कोणालाही जड जाते. मग माणूस गप्प बसतो. दादाच्या बाबतीत हेच झाले असावे असे वाटते, पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

२१ जून, शनिवार

दादाला वेगळा संदेश केला: "दादा, तुम्ही चौघे येणार ना? २६ ला तिकिटे काढतोय." दिवसभर उत्तर नाही.

रात्री तो संदेश पुन्हा वाचला तेव्हा त्यातली खोट दिसली. "येणार ना?" या प्रश्नाला एकच उत्तर चालते. ज्याला "हो" म्हणता येत नाही आणि "नाही" म्हणायचे नाही, त्याला त्यात जागाच नाही. शिवाय मी चौघांचे एकत्र विचारले होते. चौघांपैकी एकाचेच अडले असेल तर उरलेल्या तिघांचे उत्तरही त्याच्याबरोबर अडकून पडते.

दुपारी गावाहून काकीचा फोन आला, दादाच्या आईचा. "किती माणसां येतली ता सांग, माका तांदूळ काढून ठेवूक होये," म्हणाली आणि मग हळूच, "झील येतलो मां?" मी सांगितले की अजून बोलणे झाले नाही, दोन दिवसांत कळवतो. घरात एक सूचना आली होती की काकीलाच त्याला फोन करायला सांगावे, मग तो लगेच हो म्हणेल. मी ते केले नाही. आईला तो हो म्हणेलच. पण त्या होकारावर मी तिकीट काढायचे आणि नंतर ते रद्द झाले की गावी बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वाईट वाटणार. मला त्याचे खरे काय आहे ते हवे होते.

२२ जून, रविवार

रात्री फोनच केला. त्याची सुट्टी होती, जेवण झाले होते, निवांत बोलला. "येणार का" हे विचारलेच नाही. "कशावर अडलंय?" एवढेच विचारले.

मग सगळे बाहेर आले. तो वसईला एका कारखान्यात पाळीवर आहे. गणपतीत सगळ्यांना सुट्टी हवी असते, पण निम्म्यांनाच मिळते आणि ती यादी १ जुलैला लागते. म्हणजे आमचे आरक्षण उघडणार २६ जूनला आणि त्याला कळणार १ जुलैला. त्याच्याकडे द्यायला उत्तरच नव्हते, म्हणून त्याने दिले नाही. "तुला काय सांगू, कळेना," म्हणाला.

दुसरी गोष्ट पैशांची निघाली, आणि ती त्याने आपण होऊन काढली नसती. चौघांच्या तिकिटांचे पैसे आधी भरायचे आणि सुट्टी नाही मिळाली तर बुडतील, असे त्याला वाटत होते. मी नियम सांगितला. स्लीपरचे पक्के तिकीट गाडी सुटण्याच्या ४८ तासांपेक्षा आधी रद्द केले तर माणशी १२० रुपये कापतात, बाकीचे परत येतात. त्याने एकट्याने रद्द केले तर नुकसान तेवढेच. हे ऐकल्यावर त्याचा आवाज बदलला. हा आकडा मी पहिल्याच संदेशात लिहायला हवा होता असे तेव्हा वाटले. माणूस अडलेला असतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या न विचारलेल्या प्रश्नावर.

मग मी चौघांचा एक प्रश्न दोन भागांत तोडला. वहिनी आणि मुले येणार का? दादा येणार का? पहिल्याला तो म्हणाला, "मुलांना तर यायचंच आहे." पण वहिनीने मागून फोन घेतला. रात्री साडेदहाला नालासोपाऱ्याहून सामान आणि दोन मुले घेऊन लोकलने दादरला एकटी येणार नाही, म्हणाली. रास्त आहे. अंगठ्यामागे हे होते.

२३ जून, सोमवार

आज तिकिटांची मांडणी नव्याने केली. आधी अकरा म्हणजे सहा आणि पाच असे दोन भाग मी डोक्यात धरले होते, कारण एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा माणसे बसतात. पण एका तिकिटाला चढायचे स्टेशनही एकच असते. आम्ही डोंबिवलीकर ठाण्याला चढणार, परळचे आणि नालासोपाऱ्याचे दादरला. दादरला चढायचे म्हणून काढलेल्या तिकिटावर ठाण्याला चढायला गेलो आणि मध्ये तिकीट तपासनीसाने गैरहजर लिहिले, तर बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. तेव्हा स्टेशनप्रमाणे आणि नक्की-अनक्कीप्रमाणे असे वाटप केले:

पहिले तिकीट ठाण्याहून, आम्ही चौघे.
दुसरे दादरहून, काकांकडचे तिघे आणि वहिनी व दोन मुले. बरोबर सहा.
तिसरे दादरहून, दादा एकटा.

यात दोन अडचणी सुटल्या. दादाचे रद्द करावे लागले तर बाकी कोणाच्या तिकिटाला हात लागत नाही. एका तिकिटातून एक नाव काढता येते, पण ज्याचे नक्की नाही त्याचे आधीच वेगळे असले की गुंता राहत नाही. आणि वहिनी काकांच्या तिकिटावर आली की काकांची मुलगी त्यांना आणायला बोरिवलीपर्यंत जाईल असे ठरले. तिचे ऑफिस तिकडेच आहे. तिने हे आपणहून सुचवले.

काकांनी एक विचारले: दादाच्या नावाने काढून ठेवू, तो नाही आला तर आपला दुसरा कोणी पोरगा त्या तिकिटावर जाईल. हे चालत नाही, आणि पुष्कळ घरांत हा गैरसमज आहे. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येते ते फक्त आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या. तेही गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज देऊन. चुलत, मावस, आते कोणी या यादीत बसत नाही. म्हणून कोणाच्याही नावाने जागा धरून ठेवायची नाही, हे मी घरी स्पष्ट केले.

आयआरसीटीसीच्या एका खात्यावरून सकाळी आठ ते दहा या वेळात दोनच तिकिटे निघतात. तिकिटे तीन आहेत, तेव्हा काकांची मुलगी तिच्या खात्यावरून दुसरे काढेल. पहिले आणि तिसरे माझ्याकडे.

२४ जून, मंगळवार

दादाला आणि वहिनीला वेगवेगळे संदेश केले. जसेच्या तसे देतो.

वहिनीला: "वहिनी, तुम्ही आणि मुले काका-काकूंबरोबर एका तिकिटावर. ताई बोरिवलीला तुम्हाला भेटेल. तिघांची आधारवर आहेत तशी नावे आणि वये बुधवारी रात्री ९ पर्यंत पाठवा. ९ ला नावे भरून ठेवायची आहेत. तोपर्यंत नाही आली तर तिघांची तिकिटे निघणार नाहीत, म्हणून आधी सांगतोय."

दादाला: "दादा, तुझे एकट्याचे वेगळे तिकीट. सुट्टी १ ला कळेल हे धरूनच काढतोय. नाही मिळाली तर रद्द करू, १२० जातील. काढू का? फक्त 'काढ' किंवा 'नको' लिही. बुधवारी रात्री ९ पर्यंत."

मुदत रात्री ९ ची का ते सांगतो. आयआरसीटीसीवर प्रवाशांची नावे आधीच यादीत भरून ठेवता येतात. सकाळी फक्त टिचकी मारून निवडायची. आठ वाजता सहा नावे टाइप करत बसलो तर गाडी हातची गेली. तेव्हा खरी मुदत गुरुवार सकाळी ८ नसून बुधवार रात्र आहे, आणि माणसांना तीच सांगायची. गुरुवार सांगितले की लोक गुरुवारी सकाळी साडेसातला नावे पाठवतात.

उत्तर नाही आले तर काय होईल हेही संदेशात लिहिले. त्यात धमकी नाही, फक्त वस्तुस्थिती आहे. ज्याच्याशी तोंडी बोलणे झालेले नाही त्याचे तिकीट गृहीत धरून काढायचे नाही, असे माझे मत आहे. पैसे त्याचे, रजा त्याची.

२५ जून, बुधवार

वहिनीची नावे दुपारी आली. मोठी मुलगी १४, धाकटा ८. पाच ते बारामधल्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, बर्थ नको असेल तर अर्धे. रात्रभराचा प्रवास, त्यामुळे बर्थ घेतला. हे वहिनीला विचारूनच केले.

रात्रीचे ९ वाजले, दादाचे उत्तर नाही. संदेशावर एकच टिक. म्हणजे तो पोचलाच नव्हता. या आठवड्यात त्याची दुसरी पाळी आहे, दुपारी २ ते रात्री १०, आणि आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो असे वहिनीने सांगितले. मला पाळीची वेळ रविवारी त्यालाच विचारून घेता आली असती. पाळीवरच्या माणसाला मुदत द्यायची तर त्याच्या पाळीनंतरची द्यावी, एवढे या नोंदीतून घ्या.

आता मला ठरवायचे होते. बाकीची नावे ९ लाच भरली. एका माणसाचे नाव भरायला दोन मिनिटे लागतात, म्हणून दादासाठी साडेअकरापर्यंत थांबायचे ठरवले आणि वहिनीला सांगून ठेवले की तो बाहेर पडला की फोन करायला सांगा. पावणेअकराला वसईच्या फलाटावरून फोन आला. मागून गाडीची घोषणा चालू होती, त्यात एक शब्द ऐकू आला, "काढ." मी पुन्हा विचारून खात्री केली आणि त्याचे नाव भरले.

काकीला रात्री फोन करायला उशीर झाला होता. सकाळी सांगेन.

२६ जून, गुरुवार

पावणेआठला दोघांनीही खाती उघडून ठेवली. पैसे आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये कालच भरले होते, त्यामुळे बँकेच्या ओटीपीची वाट बघावी लागली नाही. "पक्का बर्थ मिळत असेल तरच तिकीट काढा" अशा अर्थाचा एक पर्याय तिथे असतो. तो पहिल्या दोन तिकिटांना निवडला, कारण मुलांना आणि आईला प्रतीक्षा यादीवर ठेवण्यात अर्थ नव्हता. तसे झाले असते तर एसटीकडे वळलो असतो.

काकांच्या मुलीचे सहाजणांचे तिकीट पक्के निघाले. आमचे चौघांचे निघाले, पण बर्थ दोन डब्यांत विभागले. दादाचे तिसरे काढायला गेलो तोवर प्रतीक्षा यादी सुरू झाली होती. त्याला तो पर्याय निवडला नव्हता, म्हणून प्रतीक्षेवर का होईना तिकीट निघाले. एका खात्यावरून दुसरे तिकीट काढायला जो वेळ जातो, तेवढ्यात हे होते. तिसरे खाते तयार असते तर तिघांनी एकाच वेळी काढता आले असते. पुढच्या वेळी माझ्या बायकोचे खाते आधीच उघडून ठेवणार.

दादाला फोन करून सरळ सांगितले की तुझे प्रतीक्षेवर आहे. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण प्रतीक्षेवरच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे परत येतात. पण ते घेऊन गाडीत चढता येत नाही, हेही सांगितले. "बरं, १ ला बघू," म्हणाला.

काकीला सांगितले, दहा नक्की, एकाचे बघतोय. "दहांचो तांदूळ काढतंय, एकाचो वर घालूक कितीसो वेळ लागता," म्हणाली.

२ जुलै, बुधवार

यादी लागली. दादाला सुट्टी मिळाली, पण २६ ऑगस्टपासून. सोमवारी २५ ला त्याची पाळी आहे. म्हणजे २५ तारखेची तुतारी त्याच्या उपयोगाची नाही. प्रतीक्षेवरचे तिकीट आजच रद्द केले. त्यात माणशी ६० रुपये कापतात. वाट बघण्यात काही मिळणार नव्हते आणि यादीतला पुढचा कोणीतरी एक पायरी वर सरकला.

सोमवारी रात्री पाळी संपवून निघायचे म्हणजे तिकिटावर २६ तारीख. तिचे आरक्षण २७ जूनला होऊन गेले. गणपतीच्या विशेष गाड्या रेल्वे नंतर जाहीर करते आणि त्यांचे आरक्षण वेगळ्या दिवशी उघडते, पण त्या कोणत्या वेळेच्या असतील यावर भिस्त ठेवायला नको असे दोघांचेही मत पडले. नालासोपाऱ्यात त्यांच्या भागातली माणसे मिळून गावापर्यंतची एसटी गट आरक्षणाने ठरवतात. ती सोमवारी रात्री उशिरा सुटणार आहे. दादाने तिथे नाव दिले. त्यांच्याकडेही एसटी भरायला माणसे पक्की लागतात. त्याने त्याच दिवशी पैसे भरून नाव लावले आणि पावतीचा फोटो मला न मागता पाठवला.

५ जुलै, शनिवार

परतीचे. गौरी-गणपतीचे विसर्जन २ सप्टेंबरला, म्हणून ३ ला निघायचे. परतीची तुतारी सावंतवाडीहून संध्याकाळी सुटते, त्यामुळे कणकवलीला तारखेचा घोळ नाही. ३ सप्टेंबरचे आरक्षण आज उघडले. सगळे कणकवलीलाच चढणार, म्हणून सहा आणि पाच अशी दोनच तिकिटे पुरली. दोन्ही पक्की निघाली.

या वेळी ग्रुपवर विचारलेच नाही. प्रत्येक घरातल्या एकेका माणसाला वेगळे विचारले: तुमच्यापैकी ३ ला निघू शकत नाही असे कोणी आहे का, आणि असेल तर कशामुळे. काकांनी सांगितले की काकू गावी आणखी चार दिवस राहतील की नाही हे तिथे गेल्यावर ठरेल. तिचे नाव पाच जणांच्या तिकिटावर घेतले आणि तिचे एकटीचे रद्द करता येईल हे आत्ताच सांगून ठेवले. दादाने रात्री पाळीवरून सुटल्यावर उत्तर दिले, कारण मुदतच रात्री ११ ची दिली होती.

ऑक्टोबर २०२५ मधली भर

पुढच्या वर्षी हे काम करणाऱ्यांसाठी. १ ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदलला. तेव्हा आरक्षण उघडल्यावर पहिली पंधरा मिनिटे आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यांवरूनच तिकीट निघू लागले. गणपतीच्या गाड्यांना पंधरा मिनिटे म्हणजे सगळेच. तेव्हा जो तिकिटे काढणार त्याच्या खात्याची आधार पडताळणी झाली आहे का, हे कोण येणार हे विचारायच्याही आधी बघा. काकांच्या मुलीचे झाले आहे. माझ्या बायकोच्या नव्या खात्याचे काल केले. दादाला कळवले आहे की पुढच्या वर्षी त्याचे तिकीट त्याच्याच खात्यावरून काढू आणि त्यालाही आधार जोडायला सांगितले आहे. त्याचा या आठवड्यात पहिल्या पाळीचा क्रम आहे, म्हणून संध्याकाळी फोन करणार आहे.